बाजी कारवानी आहे का? फोटो टाकलेत, जाणकारांनी बघून सांगा

ओसरी · शनिवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी मामानं जतच्या बाजूच्या एका गावातून पिल्लू आणून दिलं. देणाऱ्यानं "प्युअर मुधोळ, आई-बाप दोन्ही घरचेच" असं सांगून आठ हजार घेतले. तोच आमचा बाजी. लसीला नेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, ग्रेहाउंडचा क्रॉस वाटतो. सोसायटीतले एक काका म्हणतात, गावठीच आहे, तुम्ही खायला घालत नाही. (दोन वेळा घालते हो. फासळ्या तरीही दिसतात.)

मला कागदबिगद नकोत. पण मामाच्या ओळखीचा एकजण त्याच्या मादीसाठी बाजीला मागतोय, आणि त्याला काय सांगायचं हे कळत नाहीये.

तीन फोटो टाकलेत. पहिल्यात तो सोफ्यावर बसलाय, मी उभं राहून काढलाय. दुसऱ्यात गच्चीत उभा आहे. तिसऱ्यात मामाच्या रानात पळतोय.

---

चौकस_चिंतू · शनिवार, रात्री 10:05

दुसरा फोटो पुरेसा आहे. कान मागे दुमडून मानेला चिकटलेत, आतली गुलाबी बाजू दिसतेय. हा ग्रेहाउंडचा कान. कारवानीचे कान खाली लोंबतात. डॉक्टर बरोबर आहेत.

आणि एक दुरुस्ती. कारवान आणि मुधोळ या दोन वेगळ्या जाती आहेत. मुधोळ जाड हाडाचा, कारवान बारीक. लोक सर्रास गल्लत करतात.

---

शेवंती_आजी · शनिवार, रात्री 10:31

किती गोड आहे गं! आमच्याकडे पॉमेरियन आहे, चौदा वर्षांचा, पांढरा शुभ्र. त्यालाही फार उकडतं. फोटो देते आहे. त्याला भात चालतो का, कुणी सांगेल का?

---

माळावरचा · रविवार, सकाळी 7:15

आमच्या घरात आजोबांपासून कारवानी आहेत, म्हणून लिहितो. पुस्तकी माणूस नाही मी.

आधी चिंतूराव. कारवान आणि मुधोळ ही एकाच कुत्र्याची दोन नावं आहेत. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला कारवान हाउंड म्हणतो, इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणतो. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी ही कुत्री सांभाळली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला जोडी भेट दिली, म्हणून ते नाव गाजलं. आमच्या भागात सगळे कारवानीच म्हणतात. जाड-बारीक फरक घराघरात आणि एका वेतात सुद्धा असतो.

आता कान. ताई, गच्चीतला फोटो काढला तेव्हा तो कशाला तरी भ्याला होता का? शेपूट पोटाखाली गेलेली दिसते आणि पाठीला कमान आली आहे. भ्यालेलं कोणतंही कुत्रं कान मागे टाकतं. पळताना पण टाकतं, म्हणजे तिसरा फोटोही कानासाठी बाद. आणि डॉक्टरांनी बघितला तो टेबलावर, सुई टोचायच्या वेळी. तिथं तर सगळ्यांचेच कान मानेला लागतात.

पहिला फोटो वरून काढल्यामुळं डोकं मोठं आणि पाय तोकडे आलेत. काकांना तो गावठी वाटला यात नवल नाही.

असं करा. सपाट फरशीवर उभा करा, पुढचे पाय जमिनीला सरळ काटकोनात. तुम्ही खाली बसा, मोबाइल त्याच्या छातीच्या उंचीवर धरा. दहा-बारा फूट मागं सरका आणि झूम करून काढा, जवळ जाऊन काढू नका. एक बाजूनं, एक समोरून, एक मागून वरच्या अंगानं म्हणजे कमरेची हाडं दिसतील. तोंड मिटलेलं असताना फक्त डोक्याचा एक, बाजूनंच. आणि कानाचे दोन: एक निवांत असताना, एक लांबून कुणीतरी हाक मारल्यावर.

---

ओसरी · रविवार, सकाळी 8:02

हो! शेजारी गच्चीत कुकर लागला होता, शिट्टी झाली तेव्हाचाच फोटो आहे तो. दुपारी नवे काढते.

---

परतीचा_पक्षी · रविवार, सकाळी 8:20

अमेरिकेतून. आमच्याकडे शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड आहे, दत्तक घेतलेला. दोन्ही कानांत शर्यतीचे नंबर गोंदलेले आहेत, त्यामुळे त्याच्या कुळाबद्दल तरी वाद नाही. तुलनेला उपयोगी पडेल म्हणून झोपलेला, जागा आणि सावध असे तीन फोटो टाकलेत.

तो गाढ निवांत असला तरी कान मागेच दुमडलेला राहतो, गुलाबाच्या पाकळीसारखा, आणि आतली घडी बाजूने दिसते. खार दिसली की कान उभा व्हायला बघतो, अर्ध्यावर मोडतो आणि टोक बाजूला पडतं. गालावर सपाट लोंबलेला मी त्याचा कान कधीच पाहिला नाही. म्हणजे खरी परीक्षा निवांत असतानाची. माळावरचा म्हणतात ते पटलं.

---

माळावरचा · रविवार, सकाळी 8:44

नेमकं. कारवानीचा कान डोक्यावर जरा वरच्या बाजूला बसतो आणि तिथून पानासारखा गालाशी लोंबतो. टोक गोलसर. सावध झाला की मुळाशी उचलला जातो, पण खालचं पान लोंबतंच. गावठीचा कान त्याच्या उलट, मुळाशी रुंद आणि टोकाला उभा. गावठी आणि कारवानीच्या मिश्रणात बहुतेक वेळा कान मध्येच अडकतो, एक टोक पडलेलं आणि एक उभं.

आजी, तुमचा फोटो बघितला. ते जर्मनीचं पॉमेरियन नाही, आपलं इंडियन स्पिट्झ आहे. कोल्ह्यासारखं तोंड, लांब नाक, उभे कान, पाठीवर वळलेली शेपूट. खरा पॉमेरियन याच्याहून पुष्कळ लहान, तोंड आखूड आणि केसांचा गोळा. आपल्याकडं 100 पैकी 90 "पॉमेरियन" हेच असतात, असा माझा अंदाज.

---

शेवंती_आजी · रविवार, सकाळी 9:10

अरे देवा. चौदा वर्षं आम्ही पॉमी पॉमी म्हणतोय. पण भात चालतो का?

---

ओसरी · रविवार, संध्याकाळी 5:30

नवे फोटो टाकले. सहा आहेत. टेपही लावली, कारण मामा म्हणाला माप द्या. खांद्याच्या टोकापासून जमिनीपर्यंत 27 इंच. छातीच्या पुढच्या हाडापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत 28. वजन परवा 23 किलो भरलं.

---

माळावरचा · रविवार, रात्री 8:50

फार चांगले फोटो आले. एकेक बघतो.

बाजूचा आधी. उंची 27 आणि लांबी 28, म्हणजे जवळजवळ चौकोनी पण किंचित लांब. कारवानी नर 27 ते 29 इंच असतो, तेव्हा उंचीत बसतो. छाती कोपरापर्यंत उतरली आहे, पोट वर ओढलेलं आहे. पण ही दोन्ही लक्षणं ग्रेहाउंडलाही असतात, म्हणून यावर निकाल द्यायचा नाही. फरक पाठीत आणि मांडीत बघायचा. ग्रेहाउंडची कंबर धनुष्यासारखी वर येते आणि मांडी शर्यतीच्या घोड्यासारखी फुगते. पक्षीभाऊंच्या कुत्र्याच्या फोटोत ते स्पष्ट दिसतं. बाजीची पाठ त्या मानानं सपाट आहे, कमरेपाशी थोडीशीच उंच, आणि मांडीचा स्नायू लांबट, चपटा.

मागून काढलेल्या फोटोत कमरेची दोन्ही हाडं वर आलीत. काका याला उपासमार म्हणतात. आमच्याकडं याच दोन हाडांमध्ये आडवी बोटं ठेवून बघतात. अंतर रुंद हवं. ताई, तुम्हीच ठेवून सांगा, फोटोतून अंतर मोजणं मला पटत नाही. फासळ्यांचं म्हणाल तर शेवटच्या तीन-चार दिसणं या जातीत ठीक. कण्याचे मणकेही मोजता यायला लागले तर मात्र खायला वाढवा.

डोकं लांब, कवटी कानांमध्ये बेताची रुंद, आणि तिथून नाकापर्यंत निमुळतं. पण जबडा बारीक झालेला नाही, ते महत्त्वाचं. कपाळ आणि नाक यांच्यातला खड्डा जवळजवळ नाहीच. गावठीत तो थोडा जास्त दिसतो आणि तोंड पाचरीसारखं आखूड होतं. डोकं कारवानीचं म्हणायला हरकत नाही.

कान. निवांत फोटोत डावा कान चोख लोंबलाय. उजवा मात्र मागे वळलाय. इथं माझं अडलंय.

---

चौकस_चिंतू · रविवार, रात्री 9:12

मी काय म्हणत होतो! शिवाय बाजूच्या फोटोत उन्हात मांडीवर पट्टे दिसताहेत. वाघासारखे, फिकट. पट्टे म्हणजे ग्रेहाउंडचं रक्त. आपल्या कुत्र्यांत पट्टे नसतात.

---

माळावरचा · रविवार, रात्री 9:40

पट्टे मलाही दिसले. पण आमच्या आजोबांची एक मादी पट्ट्यांचीच होती, तिचं नावच वाघी. त्या काळी आमच्या तालुक्यात ग्रेहाउंड कुणी बघितलासुद्धा नसेल. तुम्ही म्हणाल, तुमच्या आजोबांची गोष्ट म्हणजे पुरावा नाही. खरं आहे. पण पट्टे दिसले की परदेशी, हे शर्यतवाल्यांनी क्रॉस करायला सुरुवात केल्यानंतर रूढ झालेलं बोलणं आहे. आमच्यातले जुने जाणतेसुद्धा यावर दोन बाजूंना आहेत.

---

मदुरा_ते_मदुराई · रविवार, रात्री 10:20

आम्ही बँकेच्या बदलीमुळे तीन वर्षं मदुराईत आहोत. इथे शेजाऱ्यांकडे अगदी बाजीसारखा कुत्रा आहे, ते त्याला चिप्पीपराई म्हणतात. त्याच घरात काळा, डोळ्यांवर पिवळसर ठिपके असलेला दुसरा आहे, तो कन्नी. दोघांची बांधणी मला तरी सारखीच वाटते. मग बाजी चिप्पीपराई नाही कशावरून?

आणि इथला राजपालयम मात्र लगेच ओळखू येतो, पांढरा आणि नाक गुलाबी.

---

चौकस_चिंतू · रविवार, रात्री 10:26

गुलाबी नाक आणि पांढरा म्हणजे राजपालयमच. हे सोपं आहे.

---

माळावरचा · सोमवार, सकाळी 6:50

सोपं नाही, चिंतूराव. नाकात काळा रंग उतरला नाही की गुलाबी दिसतं, मग ते कुत्रं कुठलंही असो. आमच्या एसटी स्टँडवर पांढरं गावठी आहे, नाक गुलाबी. राजपालयमला रंगाबरोबर अंग बघा. हाड कारवानीपेक्षा भरीव, छाती खोल, डोकं जड. नुसतं नाक बघून लोक भटकी पिल्लं राजपालयम म्हणून खपवतात. आणि कुणी खरोखर घेणार असेल तर मागं उभं राहून टाळी वाजवून बघा. पूर्ण पांढऱ्या कुत्र्यांत बहिरेपण निघतं आणि फोटोत ते दिसत नाही.

मदुराताई, तुमचा प्रश्न अवघड आहे. मी तिकडं दोनदाच गेलो आहे. चिप्पीपराई माझ्या नजरेला कारवानीपेक्षा उंचीला कमी आणि हाडानं नाजूक वाटला, आणि सावध झाल्यावर त्याचा कान जास्त उचलला जातो. कन्नी आणि चिप्पीपराई एकच की दोन, यावर तिकडचेच लोक भांडतात. पण बदामी रंगाची लहान कारवानी मादी आणि मोठा चिप्पीपराई यांचे नुसते फोटो समोर ठेवलेत तर मी शपथेवर सांगणार नाही. बाजी जतहून आलाय, म्हणून मी कारवानीकडं झुकतो. फोटोइतकंच गावही बघावं लागतं.

---

पेट्रीडिश · सोमवार, दुपारी 1:15

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, कुत्र्यांच्या जातीतलं मला फार कळत नाही. पण पट्ट्यांवरून एक विचारते. पिल्लू देणाऱ्यानं आई-बापाचे फोटो पाठवले होते का? असतील तर टाका.

---

ओसरी · सोमवार, दुपारी 3:40

आहेत, मामाच्या व्हॉट्सअॅपवर होते. दोन्ही बदामी. दोघांचीही तोंडं काळी, मास्क घातल्यासारखी. पट्टे कुठेच नाहीत.

उजव्या कानाबद्दल: काल रात्री हात लावून बघितलं तर मुळाशी एक गाठ लागली, कडक, जुनी. मामा म्हणतो पिल्लू असताना मोठ्या कुत्र्यानं तिथं धरलं होतं. आम्हाला आणून दिलं तेव्हा खपली होती, हे मला आठवतं.

बोटं ठेवली. माझी चार आरामात बसतात.

---

माळावरचा · सोमवार, दुपारी 4:05

मग उजवा कान विसरा. दुखावलेल्या कानाचं मूळ आखडतं आणि तो वळतो. डाव्यावरच बोला. आणि चार बोटं बसत असतील तर कंबर चांगली आहे.

---

पेट्रीडिश · सोमवार, संध्याकाळी 6:30

आई-बापाच्या फोटोवर थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे खरी गंमत आहे.

कुत्र्यातले वाघासारखे पट्टे लपून राहणारे नसतात. पट्ट्यांचं जनुक एकाच बाजूनं आलं तरी पट्टे दिसतात. म्हणून पट्टेवाल्या पिल्लाच्या आई-बापांपैकी निदान एकाकडे ते जनुक असायलाच हवं. दोन प्रकारांत ते झाकलं जातं. एक, कुत्रा पूर्ण काळा असेल तर. दुसरं, त्याच्या केसांत काळा रंग तयारच होत नसेल तर. असे कुत्रे पिवळसर-लाल असतात आणि त्यांच्या केसांत काळ्याचा मागमूस नसतो.

आता तुमच्याकडचे फोटो बघा. दोघेही बदामी, म्हणजे पूर्ण काळा कुणी नाही. दोघांच्या तोंडावर काळा मास्क आहे, म्हणजे केसांत काळा रंग तयार होतो. मग पट्ट्यांचं जनुक त्यांच्यात असतं तर अंगावर दिसलंच असतं. ते दिसत नाही, म्हणजे ते जनुक त्यांच्यात नाही. अशा दोघांना बाजीसारखं पट्टेवालं पिल्लू होत नाही.

म्हणजे फोटोतली ही जोडी बाजीचे आई-बाप असू शकत नाही. निदान एक तरी नक्की नाही.

यातून ग्रेहाउंड सिद्ध होतो असं मात्र नाही. खरा बाप पट्टेवाला कारवानीही असू शकतो. मी फक्त सांगणाऱ्याच्या गोष्टीतली खोट दाखवतेय.

---

चौकस_चिंतू · सोमवार, संध्याकाळी 6:52

हे भारी आहे. पण पट्टे खरंच आहेत ना? उन्हाची सावली नाही ना? ओसरी, सावलीत अंगाजवळून एक फोटो काढा.

---

ओसरी · सोमवार, रात्री 8:15

काढला, टाकलाय. दोन्ही मांड्यांवर आहेत, डाव्या खांद्यावरही दोन. पाणी लावल्यावर आणखी ठळक होतात.

मामानं त्या माणसाला फोन लावला. आधी म्हणाला, "बाप तोच." मग म्हणाला, "त्या वर्षी मादी शर्यतीच्या जागी नेली होती, तिथं काय झालं मला माहीत नाही." आता फोन उचलत नाहीये.

---

परतीचा_पक्षी · सोमवार, रात्री 9:00

शर्यतीच्या जागी म्हटल्यावर ग्रेहाउंड किंवा त्याचा क्रॉस असण्याची शक्यता वाढते, नाही का? माझ्या माहितीत पंजाबपासून आपल्याकडच्या भागापर्यंत वेगासाठी हे मिश्रण करतात. पण बाजीचा कान, पाठ आणि मांडी बघून मला ग्रेहाउंड फारसा दिसत नाही. माझ्या म्हाताऱ्याचं वजन 32 किलो आहे आणि उंचीला तो बाजीपेक्षा जेमतेम दीड इंच जास्त.

---

माळावरचा · सोमवार, रात्री 9:35

पहिल्याच पिढीचा क्रॉस असता तर मांडी आणि कंबर लपली नसती, असं माझं मत. पण बाप स्वतःच पाव हिस्सा ग्रेहाउंड असेल तर पिल्लात दिसेलच असं नाही, आणि तिथं माझी नजर संपते. तुम्ही म्हणता ते मी खोडून काढू शकत नाही.

ताई, त्या मादीवाल्याला आहे तसं सांगा. दिसायला कारवानी आहे, पट्टे आहेत, बाप माहीत नाही. त्याला शर्यतीला पिल्लं हवी असतील तर तो काळजी करणार नाही. जुनी वळणाची कारवानी राखायची असेल तर त्यानं बाजी वापरू नये. मी असतो तर नसता वापरला, कुत्रं कितीही देखणं असलं तरी.

मादी तरी फोटोतलीच आहे का, ते मामांना गावात जाऊन बघून यायला सांगा. तिचे कान आणि कंबर बघा, आणि तिच्या अंगावर पट्टे आहेत का तेही. काळं तोंड असलेली ती बदामीच निघाली, तर पट्टे बापाकडून आलेत एवढं तरी पक्कं होईल.

---

रानपाखरू · सोमवार, रात्री 10:10

विषय चालू आहे म्हणून विचारते. आमच्या सोलापूरच्या कारवानीला कानांवर आणि शेपटीला लांब मऊ केस आहेत, झालरीसारखे. बाकी अंग आखूड केसांचं. हा क्रॉस का?

---

माळावरचा · सोमवार, रात्री 10:18

नाही, त्याला पश्मी म्हणतात, तशी असतात. कान आणि शेपटीबरोबर पायांच्या मागं पण झालर येते. पाठीवर लांब केस असले तर मात्र दुसरं काहीतरी. फोटो टाका.

---

ओसरी · मंगळवार, सकाळी 7:30

मामा रविवारी जाणार आहे त्या गावाला. मादीवाल्याला मी काल रात्रीच कळवलं, तो म्हणाला, "पट्टे असू द्या, पळतो कसा ते सांगा." म्हणजे त्याला शर्यतच हवी होती. मी नाही म्हणून टाकलं.

काकांना कमरेची चार बोटं दाखवली. ते म्हणाले, "तरीपण थोडं तूप घाल."

---

शेवंती_आजी · मंगळवार, सकाळी 9:05

माझ्या भाताचं कुणी सांगितलंच नाही.

---

माळावरचा · मंगळवार, सकाळी 9:20

चालतो, आजी. मीठ घालू नका आणि कांदा तर अजिबात नको. रविवारी मामा आले की ओसरीताई इथंच लिहा, मादीचा बाजूचा फोटो खाली बसूनच काढायला सांगा त्यांना.